एकूण दर वाढला, पण प्रत्येक गटाचा घसरला?

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवरून तुम्ही मनुके ऑनलाइन विकता. मार्चमध्ये वेबसाइटवर 8,000 नवे लोक आले, त्यातल्या 2 टक्क्यांनी ऑर्डर दिली. जुने ग्राहक 2,000 आले, त्यांचा दर 10 टक्के. एकूण 360 ऑर्डर, म्हणजे 3.6 टक्के.

एप्रिलमध्ये जाहिरात बंद केली, वेबसाइटवर नवं चेकआउट पान लावलं आणि जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज धाडले. नवे आले 4,000, दर 1.5 टक्के. जुने आले 6,000, दर 9 टक्के. दोन्ही गट घसरले, तरी एकूण ऑर्डर 600 आणि दर थेट 6 टक्के! पेढे वाटायला निघण्याआधी एक हिशेब करा.

एप्रिलचे दर मार्चच्या गर्दीला लावा. 8,000 चे 1.5 टक्के म्हणजे 120, 2,000 चे 9 टक्के म्हणजे 180. एकूण 300, म्हणजे 3 टक्के. गर्दी तीच राहिली असती, तर दर 3.6 वरून 3 वर आला असता. तिथून 6 पर्यंतची उडी केवळ गर्दी बदलल्याची आहे.

ऑर्डर वाढल्या हे खरंच आहे, त्याचं श्रेय मेसेजला द्या. नव्या चेकआउट पानाला नको. ते पान मात्र मोबाइलवर स्वतः उघडून बघा. आणि जुन्यांचा गटही फोडून पाहा: मेसेजमुळे एकदाच खरेदी केलेले बरेच जण परतले असतील, तर 10 चे 9 होण्यामागेही हाच खेळ असू शकतो.