शिलाई मशीनच्या तोंडून गोष्ट सांगताय? या चुका टाळा

घरातल्या जुन्या शिलाई मशीनला बोलतं केलं की गोष्ट बहुतेक एकाच जागी घसरते. जे मशीनला कळणंच शक्य नाही, ते ती सांगू लागते.

समजा, नाशिकच्या पंचवटीतल्या एका वाड्यात आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातीकडे आलेली पायमशीन आहे आणि प्रसंग 2008 च्या पुराचा आहे. लिहिणारा लिहितो, "गोदामाई कोपली, पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं, मी भीतीने थरथरले." पण मशीन माजघरात भिंतीला टेकून उभी. तिला मारुती दिसला कुठून? गोदावरीच्या पात्रातल्या या मारुतीवरून पूर मोजायची सवय नाशिककराची आहे, मशीनची नाही.

तोच प्रसंग असा लिहून पाहा: "दोघांनी स्क्रू सैल केले, पट्टा काढला आणि मला माळ्यावर नेलं. माझे लोखंडी पाय खालीच राहिले. पुन्हा त्यांच्यावर बसवलं तेव्हा पायडल करकरत होतं आणि भिजून ताणलेला पट्टा चाकावरून घसरत होता." पूर हा शब्द कुठेही नाही, तरी पाणी कुठवर चढलं ते वाचणाऱ्याला समजतं.

मसुदा तपासताना 'दिसलं', 'समजलं', 'आठवलं' या शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येक ठिकाणी विचारा, हे तिला कशातून कळलं? सुईतून, चाकातून, पट्ट्यातून की पायडलमधून? उत्तर सापडलं नाही तर वाक्य काढा. तिला ऐकू येतं की नाही, हेही पहिल्याच पानावर ठरवा. मध्येच तिला ऐकू येऊ लागलं तर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

दुसरी चूक मशीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथली. "नव्या हातांची माया जाणवली" हे कुठल्याही वस्तूच्या तोंडी चालेल. शिलाई मशीनपाशी याहून नेमकं काहीतरी आहे. सराईत बाई हाताने चाक आपल्याकडे फिरवते आणि लगेच पायाने लय धरते. नवशिकीचं पायडल मधेच उलटं जातं, चाक मागे फिरतं, दोरा गुंततो आणि तुटतो. सासूबाईंनंतर सून पहिल्यांदा बसते तो प्रसंग या तुटलेल्या दोऱ्यावर उभा करा. काही पानांनी दोरा तुटायचा थांबला की सून रुळली, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक तांत्रिक गोष्ट. अशी जुनी घरगुती मशीन साधारणपणे सरळ टाकाच घालते. तिच्याकडून इंटरलॉक करवून घेतलंत तर शिवणकाम येणारी वाचक तिथेच थांबेल. पोलक्याची काजं आजीला हातानेच करू द्या. तेवढा वेळ मशीन गप्प राहील.