एकरकमी पैसे की दरमहा पेन्शन? आजच्या किमतीत मोजून पाहा

समजा, निवृत्तीच्या वेळी दोन पर्याय समोर आहेत: आज हातात 12,00,000, किंवा पुढची 20 वर्षे दरमहा 10,000. पेन्शनचे 240 हप्ते मिळून 24,00,000 होतात, म्हणजे दुप्पट. पण या बेरजेवर निर्णय घेऊ नका. वार्षिक 6 टक्के व्याज दरमहा जमा होत असेल, तर आज बाजूला ठेवलेले सुमारे 3,021 वीस वर्षांनी 10,000 होतात. म्हणजे शेवटच्या हप्त्याची आजची किंमत एवढीच. सगळ्या हप्त्यांच्या अशा किमतींची बेरीज म्हणजे पेन्शनचे वर्तमान मूल्य.

आधी दर ठरवा. एकरकमी पैसे तुम्ही खरोखर जिथे ठेवाल, तिथे कर वजा जाऊन किती व्याज सुटेल तोच दर घ्या. पेन्शन जितकी खात्रीची, तितक्याच खात्रीच्या गुंतवणुकीचा दर हवा. शेअर बाजारातल्या आशेचा नको. पेन्शनवरही कर लागत असेल, तर हप्ता कर वजा करूनच धरा.

मग सूत्र वापरा. इथे P हा मासिक हप्ता, r मासिक दर आणि n महिने.

```
PV = P × (1 − (1 + r)^−n) / r
```

स्प्रेडशीटमध्ये:

```
=PV(0.06/12, 240, -10000)
```

उत्तर येते सुमारे 13,95,800. म्हणजे 6 टक्क्यांना पेन्शन सरस. इथे 12 ने भागायचे विसरले, तर उत्तर जेमतेम 1,66,667 येते. सतरा महिन्यांच्या हप्त्यांइतकेही नाही, हे दिसले की चूक लगेच ओळखता येते.

आता दर बदलून पाहा. 8 टक्क्यांना तीच पेन्शन सुमारे 11,95,500 ची होते आणि पारडे एकरकमीकडे किंचित झुकते. दोन्ही पर्याय जिथे सारखे ठरतात तो दर थेट काढता येतो:

```
=RATE(240, -10000, 1200000)*12
```

हा दर सुमारे 7.95 टक्के येतो. माझ्या मते अख्ख्या हिशेबातला सर्वात उपयोगी आकडा हाच. तुम्हाला खात्रीने एवढे व्याज मिळवता येईल का, एवढाच प्रश्न मग उरतो.

पेन्शन तहहयात असेल तर 240 हा आकडा पक्का राहत नाही. 6 टक्क्यांना 12,00,000 भरून निघायला 184 हप्ते, म्हणजे 15 वर्षे 4 महिने लागतात. तब्येत आणि घराण्यातले आयुर्मान पाहून तिथवर पोहोचण्याची शक्यता जोखा. n च्या जागी नुसते सरासरी आयुर्मान घातले, तर पेन्शनची किंमत थोडी फुगते, कारण उशिराचे हप्ते आजच्या हिशेबात हलके असतात: जास्त जगण्याचा फायदा लवकर जाण्याचा तोटा पुरता भरून काढत नाही. तुमच्यानंतर जोडीदाराला पेन्शन चालू राहणार असेल, तर दोघांपैकी जो जास्त जगण्याची शक्यता आहे त्याच्या आयुष्यापर्यंतचे हप्ते मोजा, आणि तुमच्यामागे रक्कम कमी होणार असेल तर ती कमी झालेलीच धरा.

पेन्शन महागाईप्रमाणे वाढत असेल तर दरातून महागाई काढून टाका. व्याज 6 आणि महागाई 4 टक्के असेल, तर 1.06 ला 1.04 ने भागून येणारा सुमारे 1.92 टक्के हा दर वापरा. वाढ न होणाऱ्या पेन्शनला मात्र पूर्ण 6 टक्केच लावायचे.