नातेवाइकाला पैसे नाकारणारा मेसेज: कोरडेपणा काढा, नकार ठेवा

समजा, काटोलच्या आतेभावाने पन्नास हजार मागितलेत. आंबिया बहाराची संत्री कळमना मार्केटला न्यायला त्याला जुनी छोटी गाडी घ्यायची आहे. नागपुरातून तुम्ही लिहिलेलं उत्तर असं:

"नमस्कार. आपला निरोप मिळाला. सध्या घराचा हप्ता व मुलाची फी असल्याने आपणांस रक्कम देणे शक्य होणार नाही. क्षमस्व."

आधी "आपणांस" काढा. ज्याला रोज "दादा, तू" म्हणता, त्याला हा शब्द नकारापेक्षा जास्त लागतो.

मग "सध्या" काढा, कारण खरा घोळ तोच करतो. वाचणारा त्याचा अर्थ "पुढच्या महिन्यात विचार" असा घेतो आणि दिवाळीनंतर पुन्हा फोन येतो. "बघतो" तर त्याहून वाईट. त्या भरवशावर तो गाडीचा इसार देऊन बसतो आणि तुमचं "नाही" कळेपर्यंत ते पैसे अडकतात. म्हणून उत्तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी द्या.

हप्ता आणि फीसुद्धा गाळा. अडचण सांगितली की समोरचा तिच्यावर तोड सुचवतो: "फी जूनमध्ये आहे ना, मी मेपर्यंत देतो." त्याऐवजी घरात ठरलेली गोष्ट सांगा, मात्र ती खरोखर ठरलेली हवी. खोटं कारण काटोलला पोचायच्या आत उघडं पडतं.

आता नवं उत्तर:

"दादा, मेसेज वाचला. तोडणी तोंडावर आली आणि गाडी नाही, म्हणजे तुझा जीव टांगणीला असणार. पण पन्नास हजार माझ्याकडून होणार नाहीत. नात्यात उसने द्यायचे नाहीत असं आम्ही दोघांनी ठरवलंय, त्यामुळे पुढेही उत्तर हेच राहील. माझ्यावर अवलंबून थांबू नकोस. गाडीसाठी कर्ज काढणार असशील, तर त्याचे कागद घेऊन शनिवारी दुपारी घरी ये, सोबत बसून नीट वाचू. आत्याचा गुडघा कसा आहे?"

नकार त्याच्या अडचणीनंतर लगेच आणि एकाच वाक्यात येतो. फार उशिरा आला, तर वरची आपुलकी प्रस्तावनेसारखी वाटते. मदत मात्र तेवढीच लिहा, जेवढी नक्की कराल.

मन राखायला "जामीन राहतो" असं लिहू नका. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले, तर वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते.

"बरं, वीस तरी दे" असं आलं, तर नवं कारण शोधू नका. "दादा, वीसही नाही. शनिवारी मात्र ये, वाट बघतो," एवढंच लिहा. हे त्याला एकट्यालाच पाठवा, घरच्या ग्रुपवर नाही. चारचौघांत मिळालेला नकार मग लग्नकार्यातही निघतो.