मंदिराच्या छपरासाठी मदतीचं आवाहन: गरीब घरांवर दडपण आणणाऱ्या या चुका टाळा

छप्पर गळायला लागलं की समिती घाईत असते. पावसाच्या आत काम व्हायला हवं, कारागिराला आगाऊ रक्कम द्यायची असते, आणि त्या घाईत एक पत्रक निघतं. असं पत्रक साधारण पुढीलप्रमाणे असतं:

“मंदिराचे छप्पर गळत असून देवाच्या डोक्यावर पाणी पडत आहे. ही आपणा सर्वांसाठी लाजिरवाणी बाब आहे. बैठकीत ठरल्याप्रमाणे प्रत्येक घराने ठरलेली रक्कम महिनाअखेरपर्यंत जमा करावी. देणगीदारांची नावे रकमेसह फलकावर लावली जातील. कोणीही मागे राहू नये. ज्यांना आर्थिक अडचण आहे त्यांनी समितीला भेटावे किंवा श्रमदान करावे.”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. शेवटचं वाक्य तर मुद्दाम गरीब घरांची काळजी म्हणून घातलेलं आहे. पण ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर चालतो, तिथे हे पत्रक नोटिशीसारखं वाचलं जातं.

घरटी एकच रक्कम

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती भाषेच्या आधी हिशेबात होते. एकूण खर्चाला घरांच्या संख्येने भागलं की सगळ्यांना समान न्याय दिला असं वाटतं. प्रत्यक्षात तोच आकडा एका घराला सहज देता येतो, तर दुसऱ्या घराला त्यासाठी उसने पैसे घ्यावे लागतात.

खर्चाचे शंभर भाग धरा. पत्रक काढण्यापूर्वी, ज्यांची ऐपत आहे अशा सात-आठ घरांशी समितीने स्वतंत्रपणे बोलावं आणि साठ-सत्तर भाग उभे राहतात का ते पाहावं. सगळ्यांसाठीचं आवाहन त्यानंतर करावं. मग उरलेल्या तीस-चाळीस भागांसाठी लिहिताना आवाजात काकुळती येत नाही, आणि “प्रत्येकाने दिलेच पाहिजे” असं लिहायची गरजही पडत नाही. त्या सात-आठ घरांतून साठ भाग निघाले नाहीत, तर काम टप्प्यांत करावं. गाभाऱ्यावरचा गळका भाग आधी, सभामंडपाचे पत्रे किंवा कौलं नंतर. मात्र छपराचा भार पेलणारी कैची किंवा वासे कुजलेले असतील, तर आधी जाणकाराला दाखवा. तिथे धोका असेल तर तेवढा भाग वापरायचा बंद करावा लागतो.

“किमान इतके तरी” असं लिहिणं हीसुद्धा रक्कम ठरवणंच आहे. रकमांची उतरंड छापली तरी शेवटची पायरी किमान मर्यादा म्हणूनच वाचली जाते.

अडचण असणाऱ्यांनी भेटावे

या वाक्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ते चांगुलपणातून आलेलं असतं. न देणाऱ्याने समितीसमोर जाऊन आपली गरिबी सांगायची, असा त्याचा अर्थ होतो. कितीतरी जण भेटायला येत नाहीत, कर्ज काढतात. सवलत मागावी लागू नये. ती सगळ्यांना, न मागता, आधीच दिलेली असावी.

श्रमदानाचंही तसंच. पैशाला पर्याय म्हणून ते मांडलं की कामाला येणारा प्रत्येक माणूस “याच्याकडे पैसे नव्हते” असा ओळखला जातो. श्रमदान वेगळ्या परिच्छेदात लिहा, सगळ्यांसाठी लिहा, आणि त्या यादीत पहिली नावं समितीच्या सदस्यांची घाला. काम जमिनीवरचंच द्या: सामान उतरवणं, जुने पत्रे रचून ठेवणं, झाडलोट. छपरावर कारागिरांनीच चढावं.

फलकावर नावं आणि रकमा

इथे समितीकडून हमखास प्रश्न येतो की रकमा लपवल्या तर पारदर्शकता कशी राहणार? पारदर्शकता पैशाच्या वापराची हवी. एकूण किती जमा झाले, कारागिराला किती दिले, सामानावर किती गेले, शिल्लक किती, हे दर महिन्याला फलकावर लावा. प्रत्येकाला पावती द्या आणि पावत्यांचा हिशेब तपासनीसाला पूर्ण दाखवा. कोणत्या घराने किती दिले हे शेजाऱ्याला कळण्याचं मात्र काही कारण नाही. नावांची यादी रकमेशिवाय लावली तरी न दिलेली घरं उघडी पडतात, म्हणून मी तीही लावू नये असंच म्हणेन. एखाद्या मोठ्या देणगीदाराला नाव हवंच असेल, तर कामाच्या एखाद्या भागाशी ते जोडा. सगळ्या घरांची तुलना होईल अशी यादी नको.

दारावर जाणारी माणसं

पत्रक कितीही सौम्य असो, पाच जण पावतीपुस्तक घेऊन उंबऱ्यात उभे राहिले की ते सौम्य राहत नाही. त्या पाचांत घरमालक, सावकार किंवा कामावर ठेवणारा मालक असेल, तर नाही म्हणायची सोयच उरत नाही. पैसे मागायला घरी जाऊच नका. सगळ्या घरांना सारखी बंद पाकिटं वाटा. पैसे घातलेली आणि रिकामी, सगळीच पाकिटं बंद करून एका पेटीत टाकायला सांगा. पावती हवी असेल त्याने आत नाव लिहावं.

पत्रक नीट झालं का, हे कसं कळेल?

तंगीत असलेल्या, पण मोकळेपणाने बोलणाऱ्या एखाद्या माणसाला मसुदा वाचायला द्या आणि विचारा, “यावरून किती द्यावे लागतील असं वाटतं?” उत्तरात आकडा आला तर मसुदा परत लिहा. मी वरचं पत्रक असं लिहीन:

“मंदिराच्या छपराचे काम दोन टप्प्यांत करायचे आहे: आधी गाभारा, मग सभामंडप. पहिल्या टप्प्याचा बराचसा खर्च काही भाविकांनी उचलला आहे. उरलेल्या कामासाठी ज्यांना द्यावेसे वाटेल त्यांनी द्यावे. रक्कम ठरवलेली नाही. मागायला कोणी घरी येणार नाही आणि कोणी किती दिले हे जाहीर होणार नाही. पैसे कमी पडले तर दुसरा टप्पा पुढे ढकलू. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल.”

“बराचसा खर्च उचलला आहे” हे खरं असेल तरच लिहा. पैसे कमी पडल्यास काय होईल, ते वाक्य मात्र कधीही गाळू नका. वाचणाऱ्याच्या मनावरचं ओझं त्यानेच उतरतं.

जुनं पत्रक आधीच वाटलं असेल तर

दडपण आल्याच्या खुणा दिसतात. बऱ्याच पाकिटांत नेमकी तीच रक्कम येते, “दोन हप्त्यांत चालेल का?” अशी विचारणा होते, नेहमी आरतीला येणारं एखादं कुटुंब दिसेनासं होतं. अशा वेळी त्या कुटुंबाच्या घरी समजूत काढायला जाऊ नका, त्याने ते आणखी संकोचतील. सगळ्यांना उद्देशून दुसरं पत्रक काढा: घरटी रक्कम रद्द केली आहे, आणि आधी दिलेली रक्कम कमी करायची किंवा परत घ्यायची असल्यास कारण न विचारता ती मिळेल. हे काम दोनच विश्वासू सदस्यांकडे ठेवा, आणि त्यांची नावं पत्रकात द्या.

“ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी” अशी आठवण तर कधीच पाठवू नका. आठवण द्यायचीच असेल तर कामाची बातमी द्या: कैची बसली, पन्हळ लावली, सभामंडपाचं काम पुढच्या हंगामात.