काळी पाचवरून पांढरी पाच

मावशीला एक भावगीत काळी पाच पट्टीमध्ये जमेना. अंतऱ्यातल्या तार मध्यमावर आवाज चिरकायचा. मी उत्साहाने थेट पाच स्वर खाली, पांढरी चारला आणलं. वरचा मध्यम आरामात लागला, पण मुखड्यातला मंद्र निषाद नुसती हवा झाला!

मग पेटी घेऊन बसलो. सा धरून एकेक पट्टी वर आणि मग खाली जात मावशीचा सहज लागणारा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर शोधला (आधी हेच करायला हवं होतं). वर पांढरी एक, खाली मंद्र सप्तकातली काळी तीन. गाण्याची दोन टोकं या मापात फक्त पांढरी पाचमध्येच बसली, म्हणजे मूळ पट्टीच्या तीन स्वर खाली.

कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज -३ केला आणि जुनीच बोटं वाजवली. अडला तो तबला. काळी पाचचा दायाँ तीन स्वर उतरवला की चाट बोदी वाजते. तबलजींनी तो उलट दोन स्वर चढवून पांढरी एकला, म्हणजे नव्या सा च्या मध्यमात लावला. गाण्यात मध्यम ठळक असल्याने तो खटकला नाही.