गोड बातमीचा मेसेज पाठवताय? या चुका टाळा

आमच्या नात्यात कुणाकडे पाळणा हलणार असला की मेसेजचा कच्चा मसुदा हल्ली माझ्याकडे येतो. "काकू, एकदा नजर टाक ना." नजर टाकते आणि तेच ते पुन्हा दिसतं. निम्म्या मेसेजमध्ये आनंद कमी आणि दवाखान्याची फाइल जास्त असते. उरलेल्या निम्म्यांत "कृपया कुणीही प्रश्न विचारू नयेत" अशी पाटी लावलेली असते. मोठ्या गोतावळ्याला बातमी सांगायची, मनापासून सांगायची आणि तरी आपलं ते आपल्याकडे ठेवायचं, हे जमतं. पण मेसेज दोन मिनिटांत खरडून "सेंड" दाबणाऱ्यांना ते जमत नाही.

सोनोग्राफीचा फोटो जसाच्या तसा टाकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

सोनोग्राफीच्या त्या काळ्या-पांढऱ्या कागदावर आईबापांना बाळ दिसतं. नातेवाईकांना मात्र कडेची अक्षरं दिसतात, कारण बाळाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे त्यांना कळतच नाही. त्या कडेला बाईचं पूर्ण नाव असतं, तपासणी केंद्राचं नाव असतं, तारीख आणि वेळ असते. बऱ्याचदा `GA 12w3d` असं काहीतरी असतं, म्हणजे गर्भ १२ आठवडे ३ दिवसांचा. कधी `EDD`, म्हणजे प्रसूतीची अंदाजे तारीखही छापलेली असते.

माझ्या एका पुतण्याने असाच अख्खा कागद कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ: "लवकरच येतोय!" तपासणीची तारीख ६ मे, गर्भाचं वय १२ आठवडे ३ दिवस. लग्न झालं होतं १५ फेब्रुवारीला. ग्रुपवर एक काका आहेत, हिशेबात फार पक्के. त्यांनी ६ मेपासून ८७ दिवस मागे मोजले आणि ८ फेब्रुवारीवर बोट ठेवलं. लग्नाच्या आधी एक आठवडा! ग्रुपवर सगळे फुलं आणि बदाम पाठवत होते आणि ग्रुपबाहेर फोन सुरू झाले होते.

काकांची वजाबाकी बरोबर होती, अर्थ चुकला होता. गर्भाचं वय गर्भ राहिल्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तोच एक दिवस बहुतेकींना नक्की सांगता येतो. प्रत्यक्षात गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे ८ फेब्रुवारी ही पाळीची तारीख, आणि गर्भ राहिला तो २२च्या आसपास, लग्नानंतर. आणि समजा आधी राहिला असता, तरी काकांना काय करायचं होतं? पण हा सगळा खुलासा फोनवर, एकेका वडीलधाऱ्या माणसाला, सुनेच्या आईला करत बसावं लागलं. मुलीच्या पाळीची तारीख तिने दोन्हीकडच्या नातेवाइकांना समजावून सांगायची! पुतण्याने तोवर फोटो "सगळ्यांसाठी डिलीट" केला होता. त्याचा उपयोग शून्य. ज्यांनी फोटो उतरवून ठेवला होता किंवा स्क्रीनशॉट काढला होता, त्यांच्याकडे तो होताच.

"मग मी कोपरा कापते," असं म्हणणाऱ्या हुशार मुली भेटतात. कोपरा कापला तरी बाळाच्या अंगावरून गेलेली मोजमापाची रेघ राहते आणि तळाशी `CRL` लिहिलेला आकडा राहतो. ती बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. पहिल्या तिमाहीत आठवडे ठरवतात तेच मुळी या लांबीवरून. सुमारे ६ सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेबारा आठवडे. गोतावळ्यात एखादी नर्स किंवा नुकतीच बाळंत झालेली वहिनी असली की संपलं.

माझी पद्धत विचाराल तर सोनोग्राफीचा फोटो लावूच नका. तुमचा दोघांचा हसरा फोटो लावा, लोकांना तो खरं तर जास्त आवडतो. लावायचाच हट्ट असेल तर चारही बाजू कापा, रेघ आणि आकडे राहिले नाहीत ना ते बघा, आधी फक्त नवऱ्याला पाठवा आणि त्याला फोटो मोठा करून एकूण एक अक्षर शोधायला सांगा. त्याला काही वाचता आलं तर काकांनाही येईल.

तारीख सांगून टाकणं

तारीख सांगणारे समजतात की आपण एकच गोष्ट सांगितली. खरं तर त्या एका तारखेतून बाकीचं सगळं उलटं काढता येतं. १५ नोव्हेंबर म्हटलं की २८० दिवस मागे जाऊन कुणीही ८ फेब्रुवारी गाठतो. आठवडा सांगितलात तरी तेच, "चौथा महिना लागला" म्हटलंत तरी जवळपास तेच.

पुढचा त्रास वेगळाच. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं वीसात एखादंच. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही येणं सामान्य धरलं जातं, म्हणजे चांगला पाच आठवड्यांचा पट्टा. नातेवाइकांना हा पट्टा माहीत नसतो, त्यांना तारीख माहीत असते. १३ तारखेपासून "काही हालचाल?" सुरू होतं आणि १६ तारखेला तुमच्या पोटापेक्षा फोन जड होतो. म्हणून तारखेऐवजी ऋतू सांगा किंवा "वर्षअखेरीस" म्हणा. एवढं पुरतं.

मेसेजचा शेवट बंदीने करणं

एका भाचीचा मसुदा असा होता:

"आम्ही आई-बाबा होणार आहोत! १४वा आठवडा चालू आहे. मध्ये थोडा त्रास झाला पण आता सगळं नॉर्मल आहे. ही बातमी कुणाला सांगू नका आणि कृपया प्रश्न विचारू नका."

आता यावर उत्तरं काय येतील सांगते. "त्रास? कसला त्रास?" हे पहिलं. "आम्ही काय परके आहोत का?" हे दुसरं. माणसं मेसेजच्या शेवटच्या ओळीला उत्तर देतात, आणि इथे शेवटची ओळ भांडणाची आहे.

"थोडा त्रास" तर जायलाच हवा, पण मी "सगळं नॉर्मल" हेही काढायला लावलं. तब्येतीबद्दल एकदा विधान केलंत की दर महिन्याला ताजं विधान द्यावं लागतं. "अजून नॉर्मल ना?" असं विचारायचा हक्क तुम्हीच देऊन ठेवता. त्यापेक्षा भावना लिहा. "आम्ही खूप खूश आहोत" यावर पुढचा प्रश्न निघत नाही. "कुणाला सांगू नका" हे तर तीस जणांच्या ग्रुपवर लिहिण्यात अर्थच नाही. मेसेज पुढे जाणार हे धरूनच लिहायचा, म्हणजे सगळ्या जगाने वाचलं तरी चालेल एवढंच त्यात ठेवायचं.

शेवटी आम्ही असा केला:

"आनंदाची बातमी! वर्षअखेरीस आपल्या घरात एक चिमुकलं माणूस दाखल होणार आहे. आम्ही दोघंही खूप खूश आहोत. तारखा आणि तपासण्या आम्ही दोघांपुरत्याच ठेवल्या आहेत, बाळ आलं की पहिली बातमी तुम्हालाच देऊ. तोवर भरभरून आशीर्वाद पाठवा. सगळे वाचू, उत्तराला उशीर झाला तर रागावू नका!"

'नाही सांगणार' हे यातही आहे, पण मध्ये आहे आणि पुढे काय मिळणार त्याच्यासोबत आहे. शेवटी लोकांना काम दिलंय: आशीर्वाद पाठवा. मग ते तेच पाठवतात. काकांनी तरी विचारलंच, "तारीख कोणती?" भाचीने लिहिलं, "काका, वर्षअखेरीस! आशीर्वाद असू द्या." पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तीच ओळ पाठवली, शब्दही न बदलता. दर वेळी नवं कारण दिलं की समोरच्याला वाटतं घासाघीस चालू आहे.

आजी होणाऱ्या बाईला मोकळं सोडणं

मेसेज कितीही जपून लिहा, फुटतं ते इथून. दोन्हीकडच्या आयांना सगळं माहीत असतं आणि आनंदाच्या भरात त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना बोलायला काहीतरी द्या. मेसेज जायच्या आधी दोघींना फोन करून सांगा की कुणी विचारलं तर "वर्षअखेरीस, पोरं खूश आहेत" एवढंच म्हणायचं. दोघींकडे एकच वाक्य हवं, नाहीतर एकीकडचं अर्धं आणि दुसरीकडचं अर्धं जोडून लोक पूर्ण चित्र काढतात.

बाकीच्या, थोडक्यात

सकाळी चाचणीवर दोन रेघा, संध्याकाळी ग्रुपवर बातमी: या घाईचं मला कौतुक नाही. तेव्हा जेमतेम चार-पाच आठवडे झालेले असतात आणि बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांतच होतात. वाईट काही झालं तर ज्यांना तेही सांगू शकाल, तेवढ्यांनाच आधी सांगा.

आजी-आजोबांना ग्रुपवरून कळू देऊ नका. आधी फोन, मग मेसेज.

रात्री अकराला पाठवून झोपू नका. आपण जागे असताना पाठवा, म्हणजे पहिला आगाऊ प्रश्न आला की पहिलं उत्तरही तुमचंच जाईल.

जावेला एक मजकूर आणि आत्याला दुसरा, असं करू नका. त्या दोघी बोलतात.

आणि नात्यात कुणी मूल व्हावं म्हणून बराच काळ झटत असेल, किंवा कुणाचं नुकतंच बाळ गेलं असेल, तर तिला ग्रुपवर सगळ्यांच्या जल्लोषात हे वाचायला लावू नका. आदल्या दिवशी तिला एकटीला लिहा. फोन नको, कारण फोनवर तिला लगेच आनंदी आवाज काढावा लागतो. "उद्या ग्रुपवर सांगणार आहोत, तुला आधी कळावं असं वाटलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल." एवढंच लिहा, आणि तिचं उत्तर आलं नाही तर खरंच विचारू नका.