मार्चआधी म्युच्युअल फंडाचा नफा किती काढावा: बारा लाखांच्या रेघेचा हिशोब

फेब्रुवारी लागला की जळगाव-धुळ्याच्या शाळांमधून, बँकांमधून, एमआयडीसीतल्या ऑफिसांमधून एकच प्रश्न फिरतो: "भाऊ, टॅक्स वाचवायला कशात टाकू?" नव्या करप्रणालीत असाल तर या प्रश्नाला फारसा अर्थ उरलेला नाही. तिथे ८०सीची वजावटच मिळत नाही. तरीही दरवर्षी कुणीतरी हप्त्याच्या पॉलिसीवर सही करून मोकळं होतं.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनुसार नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे फक्त पगार असेल तर पावणेतेरा लाखांपर्यंत काही भरावं लागत नाही. मग कर वाचवायचा कुठे? गुंतवलेल्या पैशाच्या वाढीवर. इक्विटी म्युच्युअल फंडाचे युनिट १२ महिन्यांहून जास्त ठेवून विकले, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर लागत नाही. त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि वर ४ टक्के सेस. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. सव्वा लाखाची ही सोय वापरली नाही तर ३१ मार्चला संपते, पुढच्या वर्षात जात नाही. म्हणून दरवर्षी थोडा नफा काढून तेच पैसे परत गुंतवायचे. वीस वर्षांनी घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी सगळं एकदम काढाल, तेव्हा नफ्याचा बराच भाग आधीच करमुक्त होऊन गेलेला असेल.

आता पहिली पायरी, आणि नेमकी हीच चुकते. आपली जागा, म्हणजे १२ लाखांच्या रेघेपर्यंत अजून किती उत्पन्न बसतं ते, मोजा. सव्वा लाखाच्या आतल्या नफ्यावर कर शून्य असला, तरी तो नफा एकूण उत्पन्नात धरला जातो. पगार आणि नफा मिळून १२ लाखांची रेघ ओलांडली की पगारावरची सूटच जाते.

दोन पगार घेऊन बघू. अमळनेरच्या एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार ११ लाख ४० हजार. ७५ हजार वजा केले की १० लाख ६५ हजार. एफडीचं व्याज ३० हजार. एकूण १० लाख ९५ हजार झाले, म्हणजे रेघेपर्यंत १ लाख ५ हजारांची जागा आहे. त्यांनी १ लाखाचा नफा काढला तर कर शून्यच राहतो.

भुसावळच्या त्यांच्या भावाचा पगार १२ लाख ४० हजार. वजावटीनंतर ११ लाख ६५ हजार. बहिणीचं ऐकून त्यानेही १ लाखाचा नफा काढला, तर एकूण १२ लाख ६५ हजार होतात. सूट गेली. आता ११ लाख ६५ हजारांवर स्लॅबप्रमाणे कर लागतो: ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या ३ लाख ६५ हजारांवर १० टक्क्यांनी ३६ हजार ५००. सेस धरून ५८ हजार ७६०. १ लाखाच्या नफ्यावर पुढे कधीतरी वाचला असता १३ हजारांचा कर, त्यासाठी हातचे जवळपास ५९ हजार गेले. रेघेच्या किंचित वर असणाऱ्यांना थोडा दिलासा मिळतो, पण तो रेघेवरच्या रकमेइतकाच कर लावण्यापुरता आहे. इथे रेघेवरची रक्कम ६५ हजार आणि कर त्याहून कमी, म्हणून दिलासा लागूच होत नाही. भावाची जागा फक्त ३५ हजारांची होती. तेवढाच नफा काढायचा होता, आणि एफडीचं व्याज असेल तर तेही त्यातून वजा करून.

गंमत अशी की ज्याचा पगार १६ लाख आहे, त्याला ही अडचणच नाही. त्याची सूट आधीच गेलेली असते, त्यामुळे तो सव्वा लाख बिनधास्त काढू शकतो. जपायचं ते साधारण साडेअकरा ते साडेतेरा लाख पगार असलेल्यांनी.

जागा मोजताना घरातलं सोनंही धरा. लग्नासाठी जुनं सोनं मोडून नवं घेतलं, तरी कायद्याच्या नजरेत ती विक्रीच. त्यातला नफा उत्पन्नात येतो आणि त्याला सव्वा लाखाची सोय नाही. केळीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी पगारदाराच्या कराचा दर ठरवताना तेही मोजलं जातं. शेती मोठी असेल तर सीएला विचारूनच पुढे जा.

दुसरी पायरी फंडाची. ॲपमधून किंवा कॅम्स, केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून स्टेटमेंट काढा आणि वर्षाहून जुने युनिट किती आहेत, त्यांची खरेदी किंमत काय होती ते बघा. विक्रीत आधी घेतलेले युनिट आधी जातात, त्यामुळे एसआयपी चालू असली तरी जुनेच निघतात. शिक्षिकेचे ४ हजार युनिट सरासरी २५ रुपयांनी घेतलेले आहेत आणि आज एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ५० आहे. ते सगळे विकले तर २ लाख हातात येतात, त्यातला १ लाख नफा. विकताना रुपयांऐवजी युनिटचा आकडा टाका, म्हणजे अंदाज चुकत नाही. एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्यावर कापलं जाणारं शुल्क, बहुतेक इक्विटी फंडात वर्षाच्या आतल्याच युनिटना असतो, तरी आपल्या फंडाचा नियम बघून घ्या.

पैसे खात्यात आले की त्याच फंडात परत गुंतवा. आता त्या २ लाखांची खरेदी किंमत २ लाखच. मात्र त्या युनिटचं वर्ष नव्याने सुरू होतं, म्हणून येत्या वर्षभरात लागणार असलेल्या पैशावर हा प्रयोग करू नका. मधल्या दोन-तीन दिवसांत बाजार वर गेला तर थोडे युनिट कमी मिळतील, खाली आला तर जास्त. हे काम मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. विक्री शेवटच्या दिवसावर ढकलली आणि ती १ एप्रिलच्या एनएव्हीने झाली, तर यंदाची सोय गेली.

ज्यांची जागा अपुरी पडते त्यांनी एफडीकडे बघावं. एफडीचं व्याज दरवर्षी ती जागा खातं. पीपीएफचं व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे आणि उत्पन्नात धरलंच जात नाही. त्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत १५ वर्षांची. व्याज मोजताना महिन्याच्या ५ तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात. त्यामुळे दीड लाख ५ एप्रिलच्या आत भरले तर ७.१ टक्के दराने वर्षाचं पूर्ण १० हजार ६५० व्याज मिळतं. ६ तारखेला भरले तर एका महिन्याचं ८८७ रुपये ५० पैसे बुडतं. खाजगी नोकरीत असाल तर एचआरला विचारा: पगाराच्या रचनेतच कंपनीकडून एनपीएसमध्ये रक्कम जाऊ शकते का? मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ती करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि रेघेपर्यंतची जागा वाढते. हे पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात, हे मात्र धरून चाला.

बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर फंड घ्यायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. तिने तुमच्या पैशातून कमावलेला नफा तुमच्याच उत्पन्नात जोडला जातो, म्हणून त्या वाटेने जागा वाढत नाही.

शेवटचं काम रिटर्नचं. फॉर्म १६ मध्ये कर शून्य दिसतो, कारण तुमच्या फंडाची विक्री मालकाला माहीत नसते. ती प्राप्तिकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात मात्र दिसते. म्हणून रिटर्न भरण्याआधी एआयएस उघडून विक्रीचा आकडा स्टेटमेंटशी ताडून बघा. इक्विटीचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल आणि बाकी उत्पन्न साधं असेल, तर आयटीआर-१ मध्येच तो दाखवता येतो.